किती ब्रास माती गेली?

रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा नदी नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते. संगमनेरच्या खाली या नदीचे काठ अनेक ठिकाणी सरळ, सपाट राहत नाहीत. नदीने पूर्वी आणून टाकलेला गाळमातीचा जाड थर इथे आहे. पावसाच्या पाण्याने त्यात घळी कोरल्या आहेत आणि घळींच्या उभ्या भिंतींतून चुनखडीचे पांढरे खडे डोकावतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या घळपट्ट्यावर भूरूपांच्या अभ्यासकांनी काम केले आहे. काठच्या शेतकऱ्याला मात्र वेगळेच काही दिसत असते. नदीकडची ओघळ दर पावसाळ्यात त्याच्या बांधाच्या दिशेने थोडी सरकते आणि औताला वळण घ्यायला तेवढी जागा कमी पडते.

या घळीतून किती माती गेली, असे विचारले तर गावात एकच उत्तर मिळते: पुष्कळ. पाणलोटाच्या अहवालांत आकडे असतात, पण ते बहुतेक वेळा सूत्रातून आलेले असतात. जमिनीच्या धुपेचे जगभर वापरले जाणारे सूत्र विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाते आणि १९७८ साली ते सुधारित रूपात पुस्तिकेत छापले गेले. पावसाचा जोर, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि चढ, पीक व बांधबंदिस्ती यांचे अंक एकमेकांशी गुणले की हेक्टरी टनांत उत्तर येते. पण हे उत्तर शेतावरून पापुद्र्यासारखी निघणारी माती आणि नांगरटीने बुजून जातील अशा बारीक ओघळी, एवढ्यापुरतेच असते. पुरुषभर खोल घळ या सूत्राच्या हिशेबात येतच नाही. तिचा हिशेब घळीत उतरून, टेप लावूनच करावा लागतो.

त्यासाठी जी रीत वापरतात ती कालवा आणि रस्त्याच्या कामावरच्या प्रत्येक ओव्हरसीअरला पाठ असते. घळीच्या लांबीवर ठिकठिकाणी आडवे छेद घ्यायचे आणि प्रत्येक छेदाचे क्षेत्रफळ काढायचे. मग लगतच्या दोन छेदांच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून तिला त्या दोघांमधल्या अंतराने गुणायचे. असे एकेका तुकड्याचे घनफळ मिळते, त्यांची बेरीज म्हणजे पूर्ण घळीचे घनफळ. रस्त्याच्या कामात किती माती काढायची हे यातून कळते. घळीत पाण्याने किती माती आधीच काढून नेली, ते कळते.

साहित्य फारसे लागत नाही. लांब टेप, सेंटीमीटरच्या खुणा असलेली पट्टी, नायलॉनची दोरी, दोरीला अडकवायची छोटी पाणसळ, ओळंबा, लोखंडी खुंट्या आणि रंगाचा डबा एवढ्यावर काम भागते. माणसे तीन हवीत. दोन दोन्ही काठांवर आणि एक तळाशी पट्टी धरायला.

आता एक घळ घेऊ. पुढची मापे हिशेब समजावण्यापुरती घेतली आहेत, कोणा एका शेतातली नाहीत. घळीची लांबी ६० मीटर आहे. वरच्या टोकाला, जिथून शेताचे पाणी आत पडते तिथे, उभा कडा आहे. त्याला घळीचे डोके म्हणू. खालच्या टोकाला घळ उथळ होते आणि तिने आणलेला गाळ पंख्यासारखा पसरतो. लांबी मोजायची ती दोन टोकांमधल्या हवाई अंतराने नव्हे, तर तळातल्या पाण्याच्या वाटेने, प्रत्येक वळण धरून. डोक्याच्या पायथ्याला शून्य धरले तर छेद घेतले आहेत शून्य, १२, ३०, ४५ आणि ६० मीटरच्या चेनेजवर.

ही अंतरे समान नाहीत आणि ती मुद्दामच तशी ठेवली आहेत. दर दहा मीटरला छेद घेण्याची सवय कागदावर नीटनेटकी दिसते, पण घळीला त्या दहा मीटरांशी काही देणेघेणे नसते. जिथे ती रुंदावते, जिथे तळात पायरी पडते, जिथे बाजूची ओघळ येऊन मिळते आणि जिथे ती एकदम उथळ होते, तिथे छेद हवा. दोन छेदांमध्ये घळ हळूहळू आणि एकसारखी बदलते आहे, हे या रितीचे गृहीतक आहे. ते पाळले जाईल अशा जागा निवडणे हे मोजणाऱ्याचे काम, आणि खरे कसब तिथेच लागते.

३० मीटरवरचा छेद तपशीलाने पाहू. दोन्ही काठांवर, जिथे शेताची सपाटी संपून उतार सुरू होतो तिथे, दोरी ताणून बांधली. वरची रुंदी बरोबर ४ मीटर भरली. मग दोरीवर दर अर्ध्या मीटरला ओळंबा सोडून तळापर्यंतची खोली घेतली: ०.७, १.४, १.७, १.८, १.६, १.३ आणि ०.६ मीटर. दोन्ही टोकांना खोली शून्य आहे. अंतरे सारखी असली आणि टोके शून्य असली की क्षेत्रफळ काढणे सोपे होते, सगळ्या खोल्यांची बेरीज करून तिला अंतराने गुणायचे. बेरीज ९.१, गुणिले ०.५, म्हणजे ४.५५ चौरस मीटर.

घाईत असलेला माणूस इथे वरची रुंदी आणि सर्वांत जास्त खोली यांचाच गुणाकार करतो. चार गुणिले १.८ म्हणजे ७.२ चौरस मीटर येतात, खऱ्याच्या दीडपटीहून जास्त. घळ इंग्रजी व्ही अक्षरासारखी आहे असे मानून त्याचे निम्मे केले तर ३.६ येतात, आणि आता एक पंचमांश माती हिशेबातून गळते. खऱ्या घळी ना पेटीसारख्या असतात ना व्हीसारख्या. सात ठिकाणी ओळंबा सोडायला पाच-दहा मिनिटे जास्त लागतात, पण ती वाचवून काहीच मिळत नाही.

याच पद्धतीने बाकीच्या छेदांची क्षेत्रफळे काढली. शून्यावर १.५०, १२ मीटरवर ३.१०, ४५ मीटरवर ३.४५ आणि ६० मीटरवर ०.७५ चौरस मीटर. पहिला तुकडा १२ मीटरचा आहे. १.५० आणि ३.१० यांची सरासरी २.३०, तिला १२ ने गुणले की २७.६ घनमीटर. दुसरा तुकडा १८ मीटरचा, त्याचे ६८.८५ घनमीटर. तिसऱ्याचे ६० आणि चौथ्याचे ३१.५. एकूण १८७.९५, म्हणजे १८८ घनमीटर धरायला हरकत नाही.

गावात घनमीटर कोणी बोलत नाही. माती-मुरूम मोजायचे माप म्हणजे ब्रास, शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. या मापाने घळीने ६६ ब्रास माती नेली. एवढ्याच जागेत भरायला तेवढीच माती आणली तर पुरेल, असे मात्र कोणी समजू नये. घळीतली पोकळी जागेवरच्या घट्ट मातीची आहे. तीच माती खणून ट्रॉलीत टाकली की फुगते, त्यामुळे ट्रॉल्या ६६ पेक्षा बऱ्याच जास्त लागतील.

हिशेबातली चूक कुठून येते, हे पाहण्यासाठी याच घळीवर एक प्रयोग करता येतो. समजा मोजणाऱ्याने कंटाळा केला आणि फक्त दोन टोकांचे छेद घेतले. १.५० आणि ०.७५ यांची सरासरी गुणिले ६०, म्हणजे ६७.५ घनमीटर. खऱ्या उत्तराच्या जेमतेम एक तृतीयांश! घळीचे पोट मध्ये आहे आणि दोन्ही टोके बारीक आहेत, हे या आकड्याला कळायला मार्गच नाही. आता मध्ये, ३० मीटरवर, एकच छेद वाढवला तर उत्तर १७० वर येते. म्हणजे योग्य जागी घेतलेल्या एका जास्तीच्या छेदाने फरक दोन तृतीयांशावरून दहा टक्क्यांच्या आत आणला.

सूत्रालाही स्वतःची खोट आहे. दोन छेदांच्या आकारात फार तफावत असली की ते घनफळ थोडे जास्त दाखवते. एका टोकाला घळ अगदी टोकदार होऊन संपत असेल तर तो तुकडा सुळक्याच्या आकाराचा होतो. सुळक्याचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ गुणिले लांबीच्या एक तृतीयांश असते, आपले सूत्र मात्र निम्मे देते, म्हणजे दीडपट. म्हणून निमुळता होत संपणारा शेवटचा तुकडा वेगळा काढून त्याला एक तृतीयांशाचा हिशेब लावतात. आपल्या घळीच्या डोक्याशी उभा कडा आहे, तिथे छेद एकदम १.५० पासून सुरू होतो, म्हणून ही दुरुस्ती लागत नाही. खालच्या तुकड्यात ३.४५ चे ०.७५ होते. तिथे मधला छेदही धरणारे प्रिझमॉइडल सूत्र लावले, आणि रुंदी व खोली दोन्ही एकसारख्या कमी होत गेल्या असे मानले, तर ३१.५ ऐवजी सुमारे २९ घनमीटर येतात. पूर्ण घळीच्या हिशेबात हा फरक दीड टक्क्याच्या आसपास. सूत्राच्या अचूकतेवर पुस्तकांत पानेच्या पाने खर्च होतात आणि छेद कुठे घ्यावा यावर दोन ओळी असतात. प्रत्यक्षात महत्त्व नेमके उलट आहे.

आणखी एक चूक डोळ्यांना दिसत नाही. छेद पाण्याच्या वाटेला काटकोनात हवा. वळणावर काठावरची बाभूळ आडवी येते म्हणून दोरी तिरकी बांधली, समजा ३० अंशांनी, तर घळ तिरकी कापली जाते आणि क्षेत्रफळ पंधरा टक्क्यांनी फुगते. मोजमाप काळजीपूर्वक, ओळंबा सरळ, वहीतली बेरीज बरोबर, तरी उत्तर चूक.

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र दोरीचाच असतो. दोरी म्हणजे घळ पडण्याआधीची जमीन, असे आपण गृहीत धरतो. सपाट शेतात पडलेल्या घळीत ते बरोबर आहे. पण पुष्कळ घळी मुळातल्या नैसर्गिक सखल पट्ट्यात किंवा जुन्या नाल्यात पडतात. तिथे दोरी काठाच्या उंचवट्यावरून बांधली की पाण्याने न नेलेली, आधीपासून नसलेली मातीही ‘गेली’ म्हणून जमा होते. काठावर नीट पाहिले तर आधीच्या सखल भागाचा मंद उतार आणि त्यात नव्याने तुटलेली धार, यांतला फरक बहुधा दिसतो. दोरी त्या धारेवर बांधायची. दोन्ही धारा समपातळीत नसतील तर दोरीही तिरपी राहू द्यायची, कारण मूळ जमीनच तिरपी होती. पाणसळ लावायची ती पातळीतला फरक नोंदवायला. तिने दोरी जबरदस्तीने आडवी केली तर चूक उलट वाढते.

भिंत आत पोखरलेली असेल तर ओळंब्याला ती पोकळी दिसत नाही. अशा ठिकाणी पट्टी आडवी घालून आत किती गेले आहे ते मोजून क्षेत्रफळात वेगळे मिळवतात. उलट, काठाचा ढिगारा कोसळून तळाशी पडला असेल तर ती माती अजून घळीबाहेर गेलेली नाही. छेदात ती आपोआप वजा होते आणि ते योग्यच आहे. या रितीने मिळते ते घळीतून निघून गेलेल्या मातीचे घनफळ, जागची हललेल्या मातीचे नव्हे.

घनफळावरून वजन काढायला मातीची घनता लागते. पाच सेंटीमीटर व्यासाचे आणि तेवढ्याच उंचीचे धातूचे कडे घळीच्या भिंतीत ठोकून त्यात माती न हलवता काढायची. अशा कड्यात ९८ घनसेंटीमीटर माती मावते. ती १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास भट्टीत वाळवून वजन करायचे. वजन १४२ ग्रॅम भरले तर घनता १.४५, म्हणजे घनमीटरला १.४५ टन. भिंतीत थर वेगळे दिसत असतील तर प्रत्येक थरातून नमुना घ्यावा. वरची नांगरलेली माती हलकी असते, खालची दाबलेली जड. आपल्या घळीच्या १८८ घनमीटरना १.४५ ने गुणले की सुमारे २७३ टन कोरडी माती. काही जण इथे मातीच्या कणांची घनता, २.६५, वापरून बसतात. पुस्तकातला तो आकडा खरा असतो, पण तो निव्वळ कणांचा असतो, कणांमधल्या पोकळ्या त्यात धरलेल्या नसतात. त्याने उत्तर ४९८ टन येते, जवळजवळ दुप्पट. प्रवरेच्या काठासारखे चुनखडीचे खडे मातीत भरपूर असतील तर ते चाळून वेगळे वजन करावे लागते, कारण पिकाच्या दृष्टीने खडे गेले काय आणि राहिले काय, सारखेच.

हे २७३ टन किती वर्षांत गेले? घळ कधी पडली हे वयस्कर माणसे सांगतात, पण पाच वर्षांची दहा व्हायला वेळ लागत नाही. भरवशाचा मार्ग म्हणजे पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा, त्याच जागी मोजणे. त्यासाठी छेदाच्या खुंट्या धारेपासून दोन-तीन मीटर मागे पुरतात. धारेवरच पुरल्या तर काठ कोसळताना त्याही घळीत जातात आणि पुढच्या वर्षी छेद नेमका कुठे होता, यावरच वाद होतो.

डोक्याच्याही वर, शेतात, एक कायमची खुंटी हवी. समजा पावसाळ्यात डोके तीन मीटर वर सरकले. मोजणाऱ्याने नव्या डोक्याला शून्य धरले तर सगळे छेद तीन मीटरने सरकतील आणि तुलना गेल्या वर्षीच्या वेगळ्याच जागांशी होईल. म्हणून जुनी चेनेज तशीच ठेवायची आणि नवा तुकडा वजा तीन ते शून्य असा लिहायचा.

आपल्या घळीत पावसाळ्यानंतर हे दिसले. नव्या डोक्याशी छेद १.५०, जुन्या शून्यावर १.९०, पुढे अनुक्रमे ३.४०, ४.९०, ३.६० आणि मुखाशी ०.७०. मुखाशी क्षेत्रफळ कमी झाले, कारण तिथे गाळ साचला. जुन्या छेदांमध्ये आता वाढलेल्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन तोच हिशेब करायचा. नव्या तीन मीटरांतून ५.१ घनमीटर, शून्य ते १२ मध्ये ४.२, १२ ते ३० मध्ये ५.८५, पुढच्या तुकड्यात ३.७५ आणि शेवटी ०.७५. एका पावसाळ्यात १९.६५ घनमीटर, वजनात सुमारे साडेअठ्ठावीस टन.

अशा वजाबाक्यांत छोट्या चुका मोठ्या होतात. चार मीटरची दोरी मध्ये तीन सेंटीमीटर झोळली तर क्षेत्रफळ सुमारे ०.०८ चौरस मीटरने कमी दिसते. ४.५५ पुढे ते नगण्य आहे. पण ३० मीटरवरची वाढच ०.३५ आहे, त्यात ती चूक जवळजवळ चौथा हिस्सा होते. मुखाशी घटलेले ०.०५ चौरस मीटर तर चुकीपेक्षाही लहान. तिथे थोडा गाळ साचला असावा एवढेच म्हणता येते.

टन आले की हेक्टरी किती, हा प्रश्न येतोच. पण कुठल्या हेक्टरला भागायचे? या घळीला पाणी देणारे वरचे शेत २ हेक्टर आहे असे धरले तर हेक्टरी १४ टन होतात. घळीने व्यापलेल्या सुमारे दोनशे चौरस मीटर जागेलाच भागले तर तोच आकडा हेक्टरी चौदाशे टनांवर जातो आणि बातमीत शोभतो. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, फक्त भाजक सांगितला पाहिजे. ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली देशभराचा अंदाज हेक्टरी वर्षाला १६.४ टन असा काढला होता. त्यात सगळ्या प्रकारची धूप मोजली आहे. आपले १४ टन एकट्या घळीचे आहेत, शेतावरून निघणारा पापुद्रा त्यात नाही, म्हणून दोन्ही आकडे समोरासमोर ठेवताना एवढे लिहायला हवे.

हल्ली ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांवरून घळीचा त्रिमितीय नकाशा तयार होतो आणि दर अर्ध्या मीटरला छेद मिळतो. छेदांच्या अंतराची अडचण त्याने सुटते. मूळ जमीन कुठे होती हे मात्र ड्रोनलाही माणसानेच सांगावे लागते, आणि तळात वेड्या बाभळीची गर्दी असेल तर वरून घेतलेले चित्र झाडांचा माथा दाखवते, घळीचा तळ नाही.

तुकड्यांचा हिशेब हातात असला की काम कुठे करायचे, हे वेगळे शोधावे लागत नाही. आपल्या घळीत वर सरकलेल्या तीन मीटरांनी एका पावसाळ्यातल्या मातीपैकी चौथा हिस्सा दिला, साठ मीटरच्या घळीच्या मानाने फार मोठा वाटा. म्हणून आधी डोक्याकडे येणारे पाणी वरच्या बांधाने वळवायचे, मग १२ ते ३० मीटरच्या पोटात अनघड दगडांचे बांध घालायचे. बांध घातल्यावर पुढच्या वर्षीचे छेद लहान होतील, कारण दगडांच्या मागे गाळ साचेल. तिथे आलेले उणे घनफळ पुन्हा १.४५ ने गुणू नये. ताजा साचलेला गाळ सैल असतो, त्याचा नमुना वेगळा घ्यावा. त्याची घनता १.२ निघाली तर अडलेल्या दहा घनमीटर गाळाचे वजन साडेचौदा नव्हे, बारा टन.